दुसऱ्या मजल्याचा अखंड शॉट

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासमध्ये मी व्हिडिओचं काम करत होते, त्याच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये जिन्याच्या पहिल्या पायरीपुढे पुरुषाला जाता येत नसे. नळ दुरुस्त करायला कोणी आलं तरी आधी रेक्टर मॅडम जिन्यातून ओरडत वर जायच्या, "माणूस येतोय गं, माणूस!" आणि कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंची दारं धडाधड बंद व्हायची. त्यामुळे ॲडमिशन सुरू व्हायच्या आधी हॉस्टेलचा व्हिडिओ करायचं ठरलं, तेव्हा मीडिया रूममधून माझंच नाव पुढे आलं. मीडिया रूममध्ये माणसं होती दोन. एक भोकरचे कॅमेरावाले दादा आणि दुसरी मी.

मी त्याच हॉस्टेलमध्ये राहत होते. मेडिकलच्या तयारीसाठी नांदेडहून आले तेव्हा ज्या खोलीत राहिले, तिच्या समोरच्या खोलीत. दोन वेळा परीक्षा दिली, दोन्ही वेळा सीट मिळाली नाही. तिसऱ्यांदा बसायला मी नको म्हणाले, आणि नांदेडला परत जायलाही नको म्हणाले. तिथे बाबांच्या कॉलेजातले सगळे सहकारी मला नावाने ओळखतात. क्लासमध्ये लेक्चर एडिट करायला कोणीतरी हवं होतं. बाबांना ते सोयीचं वाटलं. हॉस्टेल ओळखीचं, मेस ओळखीची, मॅडम ओळखीच्या.

आणि नियमही तेच. मी नोकरी करत होते, पण संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत मला आत असावं लागे. लातूरच्या बाहेर जायचं असेल तर बाबांनी त्यांच्या नोंदवलेल्या नंबरवरून मॅडमना फोन करायचा, मग मॅडम गेटवरच्या मावशींना सांगणार, मग मावशी मला जाऊ देणार. एकदा मी मॅडमना म्हणाले की मी आता स्टुडंट नाही. त्या म्हणाल्या, "मग काय झालं? मुलगी आहेस की नाही?" यावर मला इंग्रजीत बरंच काही सुचलं. मराठीत सुचेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

व्हिडिओचं सांगायला क्लास चालवणाऱ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "आपल्याला एकच शॉट पाहिजे. अखंड. गेटमधून आत, दुसरा मजला, खोली, अभ्यासिका, मेस. लोह्याच्या, भोकरच्या पालकाला घरी बसून वाटलं पाहिजे की मी स्वतः चालून बघतोय. आणि हलायला नको. मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघून एका पालकाला चक्कर आली म्हणे."

मी मान हलवली. मग एरवी माझ्याने झालं नसतं असं मी बोलून गेले. "सर, निकालानंतर टॉपर्सच्या घरी शूटिंगला गाडी जाते. त्यात मला जाता येईल का?"

दर वर्षी ती गाडी जायची. उदगीर, निलंगा, लोहा, भोकर, कुठे कुठे. दादा परत आले की मीडिया रूममध्ये त्या घरांच्या गोष्टी सांगायचे. कुणाकडे बैलांनाही पेढे भरवले, कुणाचे आजोबा कॅमेऱ्याशी नमस्कार करून बोलायला लागले. मी ते सगळं हेडफोन लावून, पडद्यावर, कापत बसायचे. मला त्या गाडीत बसायचं होतं. बाकी काही नको होतं.

सर हसले. "हे जमवून दाखव. मग बघू. जमलं तर तू गाडीत."

पहिल्या दिवशी मी फोन तसाच हातात धरून चालले. आमच्या फोनमध्ये हलणारं चित्र आपोआप जागेवर धरणारं डिजिटल स्टॅबिलायझेशन होतं, ते सुरू केलं. दुपारी मुली क्लासला जायच्या आणि दुसरा मजला रिकामा असायचा. दादा खाली अंगणात, पार्किंगच्या पत्र्याखाली, खुर्ची टाकून बसायचे. मी वरून क्लिप पाठवायचे, ते खालून फोन करायचे. पायरी न चढता शिकवायचा तेवढाच मार्ग होता.

"ताई, तुम्ही चालून राहिलात का उड्या मारून राहिलात?"

"दादा, स्टॅबिलायझेशन ऑन आहे."

"आसू द्या की. ते काय जादू हाय का? खोलीच्या दारात नीट बघा. दार हलत न्हाई, पर दाराच्या कडा पुसल्यावानी दिसून राहिल्या. दिसलं का?"

दिसलं. चित्र जागेवर होतं, पण पावलागणिक धूसर व्हायचं आणि परत स्पष्ट व्हायचं, श्वास घेतल्यासारखं. कॉरिडॉरला खिडकी एकच, टोकाला, आणि मध्ये ट्यूबलाइट. कमी उजेडात फोन प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ उघडा राहतो. तेवढ्या वेळात हात हलला की ती फ्रेम आतूनच फरफटते. सॉफ्टवेअर फ्रेमवर फ्रेम नीट बसवतं, पण फरफटलेली फ्रेम त्याला पुसून नवी करता येत नाही. सेटिंगमधला सगळ्यात जोरदार पर्याय निवडला तर फोनच वर लिहून दाखवायचा की उजेड कमी आहे.

शिवाय डिजिटलची एक किंमत असते. चित्र सरकवायला जागा हवी म्हणून ते चारही बाजूंनी कडा कापतं. मुळात आमचा कॉरिडॉर एवढासा. समोरासमोरच्या दोन मुली एकाच वेळी दार उघडून बाहेर आल्या तर एकीने मागे सरायचं. कापलेल्या चित्रात तो बोळ दिसायला लागला. वाइड लेन्स लावून पाहिली. हलणं कमी जाणवलं, पण त्या लेन्सला उजेड आणखी कमी पडायचा, सगळं चित्र खरबरीत व्हायचं. सर म्हणाले, "अगं, हे तर तुरुंगासारखं दिसतंय."

मग दादांनी गिंबल दिलं. दादा आधी लग्नाच्या शूटिंगला जायचे, तेव्हापासूनचं त्यांचं होतं ते. घडी घालायचा दांडा, वर फोन पकडणारा चिमटा, तीन छोट्या मोटरी. ते त्यांनी पायरीच्या अलीकडे उभं राहून, हात लांब करून माझ्याकडे दिलं, आणि मॅडम तेवढा वेळ मध्ये उभ्या राहिल्या.

"कव्हर काढा फोनचं," दादा म्हणाले. "आन चालू करायच्या आधी तोल बघा. बंद असताना फोन एका अंगाला लवंडून राहिला तर सरकवा. न्हाईतर मोटरी दिवसभर त्याला उचलूनच दमतील, मग थरथरतील."

गिंबलने एका दुपारात निम्मं काम केलं. मनगट वळलं, हात कलंडला, दांडा पुढे झुकला, तरी फोन सरळच. मला वाटलं, झालं. मी जोरात चालत कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकाला गेले आणि क्लिप खाली पाठवली.

दादांचा फोन आला तेव्हा ते हसत होते. "आता बोटीत बसल्यावानी वाटून राहिलं. डुलत न्हाई, पर वरखाली, वरखाली. ताई, गिंबल हे वळण्याचं औषध हाय. वरखालीचं औषध तुमच्या गुडघ्यात."

गुडघे थोडे वाकवायचे, आणि शॉट संपेपर्यंत वाकवलेलेच ठेवायचे. कोपरं बरगड्यांना लावायची. पाऊल छोटं. टाच आधी टेकवायची, मग तळवा जमिनीवर उलगडत न्यायचा, मग बोटं, आणि बोटं टेकल्याशिवाय दुसरं पाऊल उचलायचं नाही. डोकं एकाच उंचीवरून पुढे सरकलं पाहिजे. वळताना मनगट नाही, कमरेपासून सगळं अंग वळवायचं. गिंबल अशा मोडवर ठेवायचं की दांडा डावी-उजवीकडे वळला तर फोन हळू मागोमाग येईल, पण वर-खाली झुकणार नाही. आणि फोनमधलं ते जोरदार डिजिटल बंद, कारण दोघं एकाच वेळी काम करायला लागले की वळताना चित्र आधी अडकतं आणि मग एकदम उडी मारतं.

रोज दुपारी मी तशी चालत होते. मांड्या भरून यायच्या. एके दिवशी तापामुळे खोलीत राहिलेल्या एका मुलीने दार उघडून मला पाहिलं. संध्याकाळपर्यंत मजल्यावर सगळ्यांना कळलं.

"ताई, कंबर धरलीय का?"

"अगं, ताई बदक झाल्यात!"

"नाही गं, त्या लपून टॉयलेटला चालल्यात, मॅडमना कळू नये म्हणून."

मी हसून खोलीत गेले. मला गर्दीत बोलता येत नाही. शाळेत सगळं इंग्रजीत होतं, घरी बाबांची पुस्तकी मराठी, आणि या मुलींची मराठी इतकी भरभर पळायची की माझं उत्तर तयार होईपर्यंत विषय बदललेला असायचा. पण गिंबल हातात असलं की कोणी माझ्याकडे बघायचं नाही, सगळे फोनकडे बघायचे. ते मला बरं वाटायचं.

कॉरिडॉर जमला. जिना जमेना. पायरी चढताना गुडघा सरळ झाल्याशिवाय अंग वर जातच नाही, आणि गुडघा सरळ झाला की धक्का बसतो. मी परत परत चढले. दादांनी शेवटी खालून सांगितलं, "चढू नका. जिन्यापाशी खांब हाय न्हवं? त्याच्या इतकं जवळून जा की सगळा पडदा खांबानं भरंल. तिथंच कट. वर गेल्यावर वरच्या खांबापासून सुरू करा. जोडल्यावर कुणाला कळायचं न्हाई."

"सर अखंड म्हणाले होते."

"पालकाला अखंड दिसलं की अखंडच ते."

पहिला चांगला टेक रविवारी सकाळी झाला. सगळ्या मुली टेस्टला गेल्या होत्या. फरशी धुतलेली, दारं उघडी, पलंगांवर चादरी ताणून बसवलेल्या. सरांनी तो पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. पण इथे कोणी राहतच नाही असं वाटतंय. मुली दाखव की."

मुली दाखवायच्या तर पालकांची परवानगी हवी, असं मॅडम म्हणाल्या. एवढ्या मुलींच्या पालकांना फोन कोण करणार? शेवटी मॅडमनीच तोडगा काढला. चेहरा दिसायला नको. मग काय, बुधवारी संध्याकाळी सगळ्या मुली दाराकडे पाठ करून बसल्या. प्रत्येक खोलीत पाठी. वेण्या, क्लिपा, खुर्चीवर टाकलेल्या ओढण्या. मी गुडघे वाकवून त्यांच्यामधून सरकत गेले. कोणी वळून पाहायचं नाही अशी ताकीद होती, त्यामुळे सगळ्यांचे खांदे हसण्याने हलत होते. अभ्यासिकेत एकीने पुस्तक उलटं धरलं होतं. मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींनी कॅमेऱ्याची चाहूल लागताच पोळी उलथायची सोडून, पाठ न वळवता, तव्यालाच हात जोडले. तरी शॉट हलला नाही.

सरांनी तो मोठ्या पडद्यावर लावला. मीही मागे उभी राहून पाहिला. आमचा कॉरिडॉर मला ओळखू आला नाही. त्यातून चालताना नेहमी खांदा भिंतीला घासतो, बादल्या चुकवाव्या लागतात, ट्यूबलाइट उचक्या देते. पडद्यावर तो हॉटेलच्या कॉरिडॉरसारखा सरकत होता, लांब आणि निवांत. त्यात इतकी वर्षं राहून मला तो असा कधीच दिसला नव्हता.

"वा!" सर म्हणाले. "आता असाच नांदेडच्या ब्रँचच्या गर्ल्स हॉस्टेलचा कर. मग उदगीरचं नवं हॉस्टेल आहे. हा आता तुझाच विभाग."

"सर, टॉपर्सची गाडी?"

"अगं, त्याला दादा आहे की. बाहेरच्या कामाला काय लागतं? उन्हात फोनच सगळं करतो. तुझ्यासारखं चालणं तिथे वाया जाईल."

ते खरंच होतं. बाहेर लख्ख उजेड असला की फोन प्रत्येक फ्रेम क्षणात टिपतो, फरफट होत नाही. मग थोडी हालचाल राहते ती डिजिटल सहज शोषून घेतं, आणि कडा कापल्या गेल्या तरी शेताला किंवा रस्त्याला काय कमी पडतं? एका जागी उभं राहून बोलणाऱ्या माणसाचा शॉट असेल तर नुसतं डिजिटलही पुरे. गिंबल आणि गुडघे लागतात ते अंधारात, अरुंद जागी, चालताना. जिथे ते लागतात तिथे मी लागणार होते. मी जितकी नीट शिकले होते, तितकी पक्की हॉस्टेलमध्येच राहणार होते.

निकाल लागला तेव्हा दादा टॉपर्सच्या गाडीतून लोह्याकडच्या एका गावी गेले, आणि मी एसटीने नांदेडला. बाबा बसस्टँडवर घ्यायला आले होते. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून घरी, दुसऱ्या दिवशी त्यांच्याच स्कूटरवर नांदेडच्या हॉस्टेलच्या गेटपर्यंत. गिंबल माझ्याकडे होतं. "न्या तुम्ही," दादा म्हणाले होते, "माझं बाहेरचं काम हाय. फोन बास." नांदेडचा कॉरिडॉर आमच्याइतकाच अरुंद होता. मॅडम वेगळ्या, पण "माणूस येतोय गं" तेच. संध्याकाळी घरी बाबांनी विचारलं, "कसं काय चाललंय?" मी "छान" म्हणाले. त्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लातूरच्या मॅडमना फोन करून कळवलं की मी निघाले आहे.

परत आले तर मीडिया रूममध्ये दादा डोकं धरून बसले होते. "ताई, बघा ना जरा. तुमच्या कम्प्युटरवर काही होतं का?"

टॉपर मुलगी आमच्याच दुसऱ्या मजल्यावरची होती. गावाबाहेर घर, अंगणात मांडव, हलगी, पेढे, सगळं उन्हात, सगळं स्वच्छ आणि स्थिर. मग दादा तिच्या मागे उंबरा ओलांडून आत गेले होते. मधल्या घरात देवघरापुढे तिची आई तिला ओवाळत होती. खोलीला खिडकी नव्हती. निरांजनाचा उजेड आणि दारातून येणारा थोडासा. दादा चालत आत गेले, आणि चित्र पावलागणिक फरफटलं होतं. आईचा चेहरा स्थिर होता, पण पाण्याखाली धरल्यासारखा. निरांजनाच्या ज्योतीच्या जागी वळवळणाऱ्या रेघा.

मी एडिटिंगमधलं स्टॅबिलायझेशन लावून पाहिलं. त्याने चित्र आणखी कापलं आणि भिंती जेलीसारख्या लवायला लागल्या.

"न्हाई होत?" दादांनी विचारलं.

"नाही होत."

"माझीच जिरली," ते म्हणाले. "आत जावं लागंल हे डोक्यातच न्हाई आलं. गिंबल ठेवलं असतं तर..." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तसं ठेवलं असतं तरी त्या मायमाउल्या मला बघून पदर सावरून भिंतीला चिकटल्या होत्या. मोकळं वाटलं न्हाई त्यास्नी."

सरांना तोच भाग हवा होता. आई ओवाळतेय, मुलगी वाकून नमस्कार करतेय. त्याशिवाय व्हिडिओ कसला? दादा त्यांच्यापुढे उभे राहून म्हणाले, "सर, परत जावं लागंल. आन मी जाऊन उपयोग न्हाई. ताईला पाठवा."

सर मला म्हणाले, "वडिलांचा फोन येऊ दे."

मी गेटजवळच्या बाकावर बसून बाबांना फोन लावला.

"गाडीत कोण कोण असणार?"

"ड्रायव्हर, दादा, मी."

"म्हणजे दोन पुरुष."

"बाबा, दादांच्या मुली माझ्याएवढ्या आहेत."

"तुझ्यावर विश्वास आहे बेटा. प्रश्न तो नाही." प्रश्न कोणता ते त्यांनी सांगितलं नाही. मी रडणार नव्हते आणि रडलेही नाही. मी म्हणाले, "बाबा, हे काम मला येतं. क्लासमध्ये दुसऱ्या कोणाला येत नाही. म्हणून मला बोलावलंय." एवढं सलग मी त्यांच्याशी बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

"मॅडम सोबत जाणार असतील तर जा," ते म्हणाले.

मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं माय! मला गाडी लागती गं!"

पण त्या आल्या. पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स, मुठीत लिंबू. ड्रायव्हरला दर वळणावर "सावकाश रे बाबा," आणि मला मागे वळून, "काच वर कर, धूळ येतीय." मी काच वर केली. काचेतून सोयाबीन पेरायला तयार केलेली काळी रानं दिसत होती. हॉस्टेलचं गेट आमच्याबरोबर चाललंय असं मला सगळ्या रस्त्याने वाटत होतं.

त्या घरी लोक आमची वाट बघत होते. टॉपर मुलीने मला ओळखलं, "बदक ताई!" म्हणाली आणि जीभ चावली. तिची आजी मात्र नाराज होती.

"परत ववाळायचं? येकदा ववाळलं की. ववाळून ववाळून पोरीला दिष्ट लागंल!"

"आजी, मागचं चित्र नीट आलं न्हाई," दादा म्हणाले.

"मंग तुला यीना का काम?"

"न्हाई येत, आजी. म्हणूनच ह्या ताईला आणलंय."

आजीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही? ही तर बोलत पण न्हाई."

दादा अंगणातच थांबले. मुलगी हळूच मला म्हणाली, "ताई, निकालापासून रोज कोणी ना कोणी येतंय. मी झोपलेच नाहीये. लवकर होईल ना?" मी तिला सांगितलं, तू फक्त नेहमीसारखी चाल, मागे बघू नकोस.

फोनचं कव्हर काढलं, तोल पाहिला, डिजिटल बंद केलं. उजेडातून अंधारात जाताना फोन एकदम चित्र उजळवतो, म्हणून उजेडाची पातळी आधीच आतल्या खोलीच्या बेताने धरून ठेवली. अंगण जरा पांढरट दिसलं असतं, चाललं असतं. तिच्या मागून मी गुडघे वाकवून निघाले. उंबऱ्यापाशी थांबले नाही. पाय उंच उचलला, सावकाश पलीकडे टेकवला, आणि अंग त्याच उंचीवर ठेवून आत घेतलं. आतला गारवा गालाला लागला. मधल्या घरात बायका भिंतीशी उभ्या होत्या, पण कोणी पदर सावरला नाही. एकीने तर मला वाट द्यायला घागर पायाने बाजूला सारली. आई ओवाळत होती. ज्योत ज्योतीसारखी दिसत होती. मुलगी वाकली, आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग आईचा चेहरा असा झाला की मी श्वास रोखून धरला. फोन हलू नये म्हणून, आणि नुसताही.

तिथे शॉट संपला होता. सरांना हवं ते सगळं त्यात होतं. पण देवघराच्या बाजूला मागचं दार उघडं होतं, आणि त्यातून रान दिसत होतं. मी फोन न थांबवता त्या दाराकडे वळले. न्हाणी, सरपण, शेवग्याचं झाड. मग बांध. मी चालत राहिले. काही पावलांनी मला कळलं की माझे गुडघे सरळ झाले आहेत आणि मी नेहमीसारखी चालतेय, भराभर, टाच-तळवा काही न बघता.

मागच्या दारातून मॅडमची हाक आली. "अगं ए! कुठं चाललीस?"

"शॉट चालू आहे, मॅडम," मी न वळता म्हणाले.

त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे त्या थांबल्या. दारात उभं राहून त्यांनी मला जाऊ दिलं. मी बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. पुढे कोणाचं तरी रान होतं, तिथून पुढे जाता येत नव्हतं. फोनमध्ये उन्हाने सगळं पांढरं झालं होतं. मग मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि परत फिरले. गाडीत मॅडम म्हणाल्या, "एवढं लांबचं कशाला घ्यायचं असतं गं?" मी म्हणाले, "लागतं कधी कधी."

सरांना शॉट आवडला. त्यांनी मला उदगीरच्या हॉस्टेलची तारीख दिली. टॉपर्सच्या गाडीचं विचारलं तर म्हणाले, "आतलं काही असेल तर बघू." बांधावरचा तुकडा मी एडिटमध्ये कापून टाकला, कारण तो वापरता येण्यासारखा नव्हता. चित्र पांढरं आहे आणि पावलागणिक वरखाली होतं. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे.